सहा सेंटिमीटर

सहाव्या प्रश्नापर्यंत गफूर सरांना काहीच खटकलं नव्हतं. हर्णे केंद्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी दुपारच्या जेवणानंतर सोडला. एकेका मुलाची पत्रिका एकदम न तपासता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, अशी त्यांची नोकरीतल्यापासूनची पद्धत होती. त्यामुळे गुण देताना हात एकसारखा राहतो, असं ते म्हणत.

सहावा प्रश्न भिंगाचा होता. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर बारा सेंटिमीटर, वस्तू भिंगापासून ६.० सेंटिमीटरवर, तर प्रतिमा कुठे आणि कशी मिळेल? वस्तू नाभीच्या आत आहे हे ज्याच्या लक्षात येईल त्याला प्रतिमा त्याच बाजूला, बारा सेंटिमीटरवर, सुलट आणि दुप्पट मोठी मिळणार. प्रश्न सरांनीच काढलेला होता. पेपरही त्यांचाच.

एका पत्रिकेत उत्तर होतं पंधरा सेंटिमीटर. वास्तव, उलट, एक चतुर्थांश. त्यांनी वर पाहिलं तर मुलाने वस्तूचं अंतर साठ घेतलं होतं. घाईत होतं असं. त्यांनी गुण कापले. पुढच्या एका पत्रिकेत पुन्हा साठ. मग आणखी एक. गठ्ठा संपला तेव्हा साठ घेणाऱ्या सहा पत्रिका निघाल्या होत्या, आणि त्या बहुतेक गठ्ठ्याच्या शेवटी, एकापाठोपाठ होत्या.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"काय झालं?" रझियाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. "तोंड असं केलंय जसं चहात मीठ पडलं."

"सहा मुलांनी एकच चूक केली आहे."

"तुमच्या वर्गात तर साठ जण एकच चूक करायचे. तेव्हा नाही घाबरलात."

"ती चूक समजुतीची असायची. ही डोळ्यांची आहे. छापील पेपरात सहा पॉइंट शून्य स्वच्छ दिसतंय. एकाचे डोळे चुकतील. ओळीने सहांचे कसे चुकतील?"

रझियाबाईंना त्यात रस नव्हता, पण त्या आत गेल्या नाहीत. नवऱ्याचा आवाज खाली गेला की काहीतरी वाईट घडतं, हा त्यांचा अनुभव होता.

सरांच्या मनात आलेलं उत्तर त्यांना स्वतःलाच आवडलं नाही. गेली दोन वर्षं त्यांच्याकडे येणारी मुलं मोबाइल घेऊन येत. मुंबईतल्या कुणा मित्राच्या पुस्तकातलं पान कुणीतरी फोनवर टिपायचं, ब्लूटूथने इकडून तिकडे द्यायचं आणि मग तो लहानसा पडदा सरांच्या नाकासमोर धरायचा. "सर, हे गणित." सरांची निम्मी शिकवणी ते वाचण्यात जाई. दीड आहे की पंधरा? मिलिमीटर की सेंटिमीटर? दहाचा ऋण तिसरा घात की नुसता तिसरा? २७ च्या पुढचं ते वर्तुळ अंशाचं चिन्ह आहे की शून्य, म्हणजे सत्तावीस अंश की दोनशे सत्तर? त्या फोनच्या कॅमेऱ्यांना जवळचं नीट दिसत नसे. जाड अक्षरं तेवढी तगत. सगळ्यात आधी जायचा तो बिंदू.

तेव्हा पंधरा सेंटिमीटर हे उत्तर छापील पेपर पाहून आलेलंच नव्हतं. कुणीतरी पेपराचा फोटो बाहेर पाठवला होता, बाहेर बसलेल्या माणसाने फोटोत दिसलं तसं साठ धरून गणित सोडवलं होतं, आणि उत्तर आत परत आलं होतं. मुलांनी समोरचा कागद वाचण्याचेही कष्ट घेतले नव्हते. असले प्रकार ते वर्तमानपत्रात वाचत होते. आपल्या हातात येईल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी सहाही पत्रिकांच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं, 'संशयास्पद'. लिहिताना त्यातली एक पत्रिका गुणांच्या बेरजेत सगळ्यात वर होती, हे त्यांच्या लक्षात आलं. अक्षर सुंदर होतं. प्रत्येक पायरीला एकक लिहिलेलं. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग त्यांना वाटलं, आपण एका चांगल्या अक्षराला भुलतो आहोत, आणि त्यांनी तिथेही तेच लिहिलं.

*

सागरकिनारा शिक्षण निधीचं कार्यालय रत्नागिरीच्या रामआळीत एका दुकानाच्या माडीवर होतं. आखाती देशांत आणि जहाजांवर आयुष्य घालवून परतलेल्या काही जणांनी तो निधी उभा केला होता. दरवर्षी किनाऱ्यावरच्या गावांतल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगचा सगळा खर्च निधी उचलत असे. त्यासाठी बारावीची परीक्षा संपल्यावर ही वेगळी परीक्षा होई. रत्नागिरी, पूर्णगड आणि हर्णे अशी तीन केंद्रं होती.

चिटणीस स्वरूप रेडीज सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने सरांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमच्याशिवाय हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं," तो म्हणाला.

सरांना बरं वाटलं. लगेच बरं वाटल्याची लाज वाटली. "माझी चूकही असेल. तू केंद्रप्रमुखांना विचारून घे. पेपर बाहेर कसा गेला ते कळायला हवं."

"ते कशाला? केंद्राची बदनामी. शाळा बिचारी फुकटात खोल्या देते." स्वरूपने सहा पत्रिका उचलून टेबलाच्या खणात ठेवल्या. "सहा जण बाद. पत्रं आजच जातील."

"एकदा विचारून तरी—"

"सर, तुम्ही लिहून दिलंत ना? झालं मग."

जिना उतरताना सरांना वाटलं, आपण एवढी भयंकर गोष्ट सांगितली आणि या मुलाला धक्का बसला नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. पण माणसांचे चेहरे वाचण्यात सरांची कधीच गती नव्हती. ते मासळी बाजारापर्यंत चालत गेले आणि काही न घेताच घरी आले.

*

पुढच्या आठवड्यात राजिवड्याच्या गल्लीत त्यांचं घर विचारत दोघी आल्या. आई पुढे, मुलगी मागे. आईच्या हातात सुक्या बांगड्यांची पिशवी होती, ती तिने ओट्यावर ठेवली.

"सरांना लाच म्हणून आणलेली नाय," ती रझियाबाईंना म्हणाली. "नायतर तेपण लिवतील कागदावर. हर्ण्याहून रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायची रीत नाय, म्हणून आणलंय."

मुलीचं नाव शिफा. तिने पत्र पुढे केलं. 'गैरमार्गाचा अवलंब केल्याने आपली उत्तरपत्रिका रद्द करण्यात येत आहे.' खाली स्वरूपची सही.

"या पत्राने तिचं शिक्षण गेलंच," आई म्हणाली. "पण बंदरावर लिलावाला उभी राह्यले की बायका विचारतात, काय गो, तुझी पोर कॉपी करताना घावली? बारा वर्षं पहिला नंबर काढला त्याचं काय कौतुक नव्हतं. हे मात्र दोन दिवसांत दापोलीपर्यंत गेलं."

सरांनी मुलीकडे पाहिलं नाही. कधी एकदा ही बैठक संपते असं त्यांना झालं होतं. "सहाव्या प्रश्नात तू वस्तूचं अंतर साठ घेतलंस," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"हो सर."

"पेपरात सहा आहे. सहा पॉइंट शून्य."

"नाही सर. साठ होतं."

सरांनी कपाटातून छापील पेपर काढून तिच्या हातात दिला. तिने सहावा प्रश्न पाहिला. मग तिने कागद पालथा केला, पुन्हा उलटला आणि बोटांनी त्याची कड चाचपली.

"हा आमचा पेपर नाही."

"हाच आहे. मीच काढलाय."

"प्रश्न तेच आहेत सर, पण आम्हाला असा नव्हता दिला. आम्ही शेवटच्या बाकांवरचे. आम्हाला पेपर उशिरा मिळाले. पातळ कागद होता, सगळा राखाडी. आणि खालच्या कोपऱ्यात असं काळं होतं." तिने अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर ठेवून दाखवला. "कुणीतरी धरलंय असं."

रझियाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पेपर कमी पडले म्हणून सायबर कॅफेतून काढून आणले, असं केंद्रावरचे सर बाहेर कुणाला तरी सांगत होते," शिफा म्हणाली. "आम्हाला वाटलं, तसंच करतात."

"मग वाचता आलं नाही असं सांगायचं नाही का?" सरांचा आवाज त्यांना न विचारता चढला.

"जे वाचता येत नव्हतं ते विचारलं, सर. तारेच्या प्रश्नात व्यासाचं एकक पुसट होतं. नुसता ठिपका आणि पुढे एम. मिलिमीटर की सेंटिमीटर ते कळेना. पर्यवेक्षक म्हणाले, प्रश्नाबद्दल बोलायचं नाही. मग मी दोन्ही करून बघितली. सेंटिमीटर धरलं तर तार केसाच्या दहाव्या भागाएवढीसुद्धा धड ताणली जात नाही. ते मोजणार कसं? म्हणून मिलिमीटर घेतलं."

"आणि साठ?"

"साठबद्दल शंकाच आली नाही. ते स्वच्छ साठ होतं."

रोज फोनचे पडदे बघून सरांना हे माहीत असायला हवं होतं. एकक पुसट झालं की डाग मागे राहतो, आणि डाग दिसला की माणूस थांबतो. दशांश चिन्ह गेलं की मागे काहीच राहत नाही. ६.० मधला बिंदू गेला तर उरतं ते पुसट सहा-शून्य नव्हे, धडधाकट साठ. आणि साठ घेतलं तरी उत्तर सुबक येतं, पंधरा. मुलाला अडखळायला जागाच नाही.

मग दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तारेच्या प्रश्नात या सहा जणांनी काय लिहिलं होतं? त्यांनी प्रश्नवार तपासलं होतं, मुलगा-वार नाही. पण आठवत होतं. हर्ण्याच्या तिघांनी व्यास सेंटिमीटरमध्ये घेतला म्हणून त्यांनी गुण कापले होते. ते कोण होते?

"तुम्ही दोघी चहा घ्या," ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

*

स्वरूपने खणातून पत्रिका काढून द्यायला खळखळ केली नाही. टेबलाच्या कडेला उभं राहूनच सरांनी त्या चाळल्या. सहांपैकी तिघांनी मिलिमीटर घेतलं होतं, तिघांनी सेंटिमीटर. ज्यांच्या हातात छापील पेपर होता अशा हर्ण्याच्या एकाही मुलाने सेंटिमीटर घेतलं नव्हतं.

"यांनी कॉपी केलेली नाही," सर म्हणाले. "बाहेरून एकच उत्तर आलं असतं तर तारेच्या प्रश्नातही सगळ्यांचं एकच असतं. हे प्रत्येकाने आपापलं ठरवलंय. त्यांच्या हातात फोटो होता, स्वरूप. पेपर म्हणून फोटोच दिला होता त्यांना."

स्वरूपने पेनाचं टोपण लावलं. "बसा सर."

"पेपर कमी पडले होते का?"

"सर, तुमची तब्येत बरी आहे ना? गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना तुमचं?"

"मी विचारतोय पेपर कमी—"

"समजा पडले," स्वरूप म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "रविवार सकाळ. हर्ण्यात झेरॉक्सवाले बंद. इथे वीज गेलेली, स्कॅनर चालेना. परीक्षा सुरू व्हायला आली आणि हर्ण्याहून फोन. एखाद्या माणसाने काय करावं? चार तासांची वाट. तो आपल्या मोबाइलवर फोटो काढेल, मेल करेल. मुलांचं वर्ष वाचावं म्हणूनच करेल ना? आणि उद्या विश्वस्त म्हणतील, गोपनीय पेपर परीक्षेआधी मेलवर टाकला. पण सर, असं झालेलंच नाही. कारण पेपराची मूळ प्रत दोन दिवस तुमच्या घरी होती. तुमच्या घरी मुलं फोन घेऊन येतात. फोटोचा विषय निघाला तर लोक पहिल्यांदा कुणाकडे बघतील?"

चाळीस वर्षं वर्गात उभं राहूनही सरांना समोरासमोर उत्तर कधी सुचलं नव्हतं. ते नेहमी घरी गेल्यावर सुचायचं.

"मी तुमच्यासाठीच सांगतोय," स्वरूप म्हणाला.

*

तरी सर विश्वस्तांकडे गेले. अध्यक्ष यासीनशेठ जहाजावर मुख्य इंजिनिअर होते, आता थकले होते. बैठकीत स्वरूप होता, सर होते, आणि शिफाला आईसह बोलावलं होतं. सरांनी कागदावर मुद्दे लिहून आणले होते. वाचताना ओळी उड्या मारू लागल्या, तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला आणि सहा पत्रिका यासीनशेठसमोर पसरल्या.

"इथे बघा. आणि इथे. हे साठ सगळ्यांकडे एक आहे. हे एकक मात्र वेगवेगळं आहे."

यासीनशेठनी बराच वेळ पाहिलं. इंजिनिअरचं डोकं अजून चालत होतं. "नकलेत चूक उतरते, तर सगळीच उतरेल," ते म्हणाले. "स्वरूप, हर्ण्याच्या केंद्रप्रमुखांना लाव फोन."

स्वरूपने टेबलावरचा फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस पहिल्याच घंटेला बोलला, जणू फोनजवळच बसला होता.

"पेपर पुरले होते साहेब. एकदम बरोबर. पेपर सगळे गोळा करून रद्दीत घातले. हो, आठवतंय ना. काही अडचण नव्हती."

"मी काही विचारायच्या आधीच याला सगळं आठवलं," यासीनशेठ म्हणाले.

स्वरूप म्हणाला, "आता काय करू शेठ? एकीकडे केंद्रप्रमुख, एकीकडे सरांचा तर्क. आधी सरांनीच लिहून दिलं कॉपी आहे. आता सरच म्हणतात नाही. मी कुठलं धरू?"

"मी चुकलो होतो," सर म्हणाले. एवढंच म्हणाले.

"म्हणजे आताही चुकत असाल."

शिफाची आई भिंतीजवळून म्हणाली, "अवो, पोरीला विचारा ना काय ते. ती काय मुकी हाय?"

यासीनशेठ शिफाकडे वळले. ती उभी राहिली. "मला परत परीक्षा द्या," ती म्हणाली. "आत्ता दिलीत तरी चालेल."

एवढं सोपं होतं ते. सगळ्यांनाच सोपं वाटलं. यासीनशेठनी ठरवलं की सहाही जणांची फेरपरीक्षा पुढच्या रविवारी इथे, याच कार्यालयात होईल. पेपर चिपळूणच्या कुणा प्राध्यापकाकडून मागवायचा, तपासायचाही त्यांनीच. सरांवर अविश्वास नाही, पण गोंधळ नको. छपाई आणि देखरेख नेहमीप्रमाणे चिटणीस करतील.

"छपाई स्वरूपने—" सर म्हणू लागले.

"मग कुणी करायची?" यासीनशेठनी त्रासून विचारलं. "मी?"

बाहेर आल्यावर शिफाची आई पहिल्यांदाच मोकळी हसली. "झालं बघा. पोर माझी बिंदूसकट सोडवून देईल."

शिफा हसली नाही. तिने सरांना विचारलं, "सर, छापताना बिंदू जाऊ शकतो का?"

"नीट छापलं तर नाही."

"आणि नसलेला बिंदू येऊ शकतो?"

सर थांबले. खरं उत्तर काय ते त्यांना माहीत होतं. छपाईच्या यंत्रात घाण असली की पांढऱ्या कागदावर कुठेही काळे ठिपके उमटतात. पण परीक्षेला जाणाऱ्या मुलीला असलं सांगावं का? न सांगितलं तर? त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि म्हणाले, "तसं क्वचित होतं. तू उत्तराकडे बघून ठरव. जगात होईल असं उत्तर येतंय का ते बघायचं."

तिने मान डोलावली. पण साठचं उत्तरही जगात होईल असंच आलं होतं, हे दोघांनाही त्याच क्षणी आठवलं, आणि दोघंही ते बोलले नाहीत.

*

रविवारी सर माडीखालच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. शिफाची आई शेजारी होती. वरून काही आवाज येत नव्हता. गल्लीत एक कुत्रं येऊन त्यांच्याकडे बघून गेलं.

"तुमी वर का नाय जात?" आईने विचारलं. "तुमी तर सर."

"मला परवानगी नाही."

"मग मला हाय काय? तरी मी बसलेय ना. तुमी माज्यासारकेच झालात मग." तिने पदराने वारा घेतला. "चहा घेतलात काय सकाळी?"

वेळ संपायच्या आधीच पाच मुलं एकेक करून उतरली. चेहरे नेहमीसारखे. एकाने सरांना सांगितलं, "सोपा होता सर. कागद जरा घाण होता, एवढंच."

"घाण म्हणजे?"

"ठिपके ठिपके. प्रिंटर खराब असेल." तो निघून गेला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

शिफा शेवटी आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती जरा थांबली, मग खाली आली.

"झाला?" आईने विचारलं.

"नाही."

"नाय म्हणजे?"

"पुरा नाही झाला." ती सरांशी बोलू लागली, आईशी नव्हे. "सगळीकडे ठिपके होते, सर. शब्दांत होते, कडेला होते, आकड्यांत होते. पहिल्या प्रश्नात विजेचा प्रवाह साडेचार की पंचेचाळीस, ते मी उत्तर बघून ठरवलं. ते झालं. दुसऱ्यात कंपनाची वारंवारता होती. तीन, ठिपका, पाच. साडेतीनही होईल, पस्तीसही होईल. दोन्हींचं उत्तर बरोबर दिसत होतं. मी विचारलं, हा बिंदू आहे की डाग?"

"स्वरूप काय म्हणाला?"

"म्हणाले, जे दिसतंय ते."

आई काहीतरी बोलू लागली होती. शिफाने तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं.

"मग मला सगळ्याच आकड्यांवर थांबावं लागलं. जिथे ठिपका नव्हता तिथेही. इथे होता आणि गेला असेल तर? मी प्रत्येक गणित दोनदा करत बसले. काही तीनदा. बाकीच्यांनी जे दिसलं ते लिहिलं." तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "मागच्या वेळी मीपण तसंच केलं होतं. तेव्हा सगळा पेपर झाला होता."

सर पायरीवरून उठले. त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं. डाग आणि बिंदू यांतला फरक, किंवा त्याहून मोठं काही. पण ते जे काही होतं ते आताही घरी गेल्यावरच सुचणार होतं.

जिन्यावर पावलं वाजली. बगलेत मोहोरबंद लिफाफा घेऊन स्वरूप खाली आला. त्याने शिफाच्या आईला नमस्कार केला. आईने तोंड फिरवलं.

"सर, रिक्षाने सोडू का? उन्हात बसलात." मग खिशातून चौघडी केलेला एक कागद काढून त्याने पुढे केला. "तुम्हाला बघायचा असेल ना पेपर. एक जास्त काढला होता. यावेळी कमी पडू दिले नाहीत."

तो गेल्यावर सरांनी कागद उलगडला. खरंच, कागदभर काळे ठिपके पसरले होते, जशी तव्यावर मोहरी पडावी. प्रिंटरचं टोनर जुनं झालं की होतात तसेच. मुद्दाम केलेत असं कुणीही म्हणू शकलं नसतं. नाहीत असंही कुणी म्हणू शकलं नसतं.

त्यांनी दुसरा प्रश्न शोधला. तीन आणि पाच यांच्यामध्ये, बरोबर खालच्या रेषेवर, एक ठिपका होता. आजूबाजूच्या ठिपक्यांएवढाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, मग उजेडाकडे धरला. चाळीस वर्षं त्यांनी असले पेपर काढले होते.

"काय आहे सर?" शिफाने विचारलं. "साडेतीन की पस्तीस?"

सरांनी ठिपक्यावर नख घासलं. तो निघाला नाही. मग त्यांनी कडेच्या कोऱ्या जागेतल्या एका डागावर नख घासून पाहिलं.

तोही निघाला नाही.